सुपरट्रेंडची रेषा आणि सहापटींचा हिशेब

सुपरट्रेंड वाचायला कोणी शिकवावं लागत नाही. भावाच्या खाली हिरवी रेषा असली की तेजी, भावाच्या वर लाल रेषा असली की मंदी, आणि रंग बदलला की बाजू बदलायची. आरएसआय किंवा एमएसीडी वाचताना पडणारे प्रश्न इथे पडत नाहीत, म्हणूनच निफ्टी आणि बँक निफ्टीत पाच मिनिटांच्या चार्टवर सौदे करणाऱ्यांचा तो लाडका इंडिकेटर झाला. पण याच रेषेने एका महिन्यात कमावून दिलेले पैसे पुढच्या महिन्यात परत नेले, की लोक सेटिंगच्या मागे लागतात. दहा-तीनचं सात-तीन होतं, मग दहा-दोन, मग कुणीतरी सांगितलेलं एखादं ‘खास’ कॉम्बिनेशन. माझ्या मते ही शोधाशोध चुकीच्या जागी चालते. रेषा कधी देते आणि कधी घेते हे तिच्या बांधणीतच ठरलेलं असतं आणि ते कागदावर मांडून पाहता येतं.

सुपरट्रेंडचं श्रेय फ्रेंच ट्रेडर ऑलिव्हिए सेबां यांना दिलं जातं. मात्र त्याचा पाया त्यांच्या कितीतरी आधीचा आहे. वेल्स वाइल्डर या मेकॅनिकल इंजिनिअरने १९७८ साली एक पुस्तक लिहिलं, आणि आरएसआय, एडीएक्स, पॅराबोलिक एसएआर आणि अ‍ॅव्हरेज ट्रू रेंज म्हणजे एटीआर ही सगळी हत्यारं त्या एकाच पुस्तकातून बाहेर पडली. बंद भावांच्या टोकापासून एटीआरच्या साधारण तिप्पट अंतरावर सौदा उलटा फिरवायचा, अशी एक पद्धतही त्यात होती. सुपरट्रेंड हा तिचाच जवळचा नातेवाईक म्हणायला हरकत नाही.

एटीआर म्हणजे भाव रोज सरासरी किती हलतो त्याचं माप. ते नुसतं दिवसाच्या उच्चांकातून नीचांक वजा करून का काढत नाहीत, हे २०२४ च्या लोकसभा निकालांच्या आठवड्यात चांगलं दिसलं. शुक्रवारी, ३१ मे रोजी निफ्टी सुमारे २२,५३१ वर बंद झाला. शनिवारी एक्झिट पोल आले. सोमवारी, ३ जूनला बाजार प्रचंड गॅप देऊन उघडला आणि दिवसभर वरच राहिला. त्या दिवशीचा उच्चांक सुमारे २३,३३९ होता आणि नीचांक सुमारे २३,०६२. दोन्हींतला फरक जेमतेम २७७ अंकांचा, म्हणजे नुसता हा आकडा पाहिला तर दिवस अगदी साधा वाटेल. पण शुक्रवारी ज्याने विकून ठेवलं होतं त्याला विचारा. त्याच्या दृष्टीने बाजार शुक्रवारच्या बंद भावापासून ८०८ अंक हलला होता, आणि हीच त्या दिवसाची ट्रू रेंज. म्हणजे दिवसाच्या उच्च-नीचांमधलं अंतर आणि कालच्या बंद भावापासून आजच्या दोन टोकांपर्यंतची अंतरं, यांतलं सर्वांत मोठं धरायचं. रोजच्या ट्रू रेंजची सरासरी म्हणजे एटीआर. मात्र वाइल्डरची सरासरी साधी नाही. दहाच्या सेटिंगमध्ये जुन्या एटीआरला नऊ भाग आणि आजच्या रेंजला एक भाग वजन द्यायचं, असा तिचा हिशेब आहे.

सुपरट्रेंडचं बाकी गणित एवढंच:

```
TR  = max(H - L, |H - PC|, |L - PC|)
ATR = (ATR_prev * 9 + TR) / 10
LB  = (H + L)/2 - 3 * ATR
UB  = (H + L)/2 + 3 * ATR
FL  = LB if LB > FL_prev or PC < FL_prev, else FL_prev
FU  = UB if UB < FU_prev or PC > FU_prev, else FU_prev
```

`PC` म्हणजे कालचा बंद भाव. दिवसाचा मध्य घ्यायचा आणि त्याच्या तीन एटीआर खाली एक पट्टी व तीन एटीआर वर दुसरी काढायची. खरी गंमत शेवटच्या दोन ओळींत आहे. कालचा बंद भाव तिच्या खाली गेलेला नसेल तोवर खालची पट्टी फक्त वर सरकू शकते. आजच्या हिशेबात ती कालच्यापेक्षा खाली येत असेल, तर तो आकडा टाकून कालचाच ठेवायचा. गाडीचा जॅक दाताला दात धरत वर चढतो आणि मागे घसरत नाही, तशीच ही रेषा. वरची पट्टी याच नियमाने फक्त खाली येते. बंद भाव खालच्या पट्टीच्या खाली गेला की हिरवी रेषा संपते आणि आधीपासून न दिसता चालत असलेली वरची पट्टी लाल होऊन समोर येते. म्हणजे दोन्ही रेषा कायम असतात, चार्ट आपल्याला एका वेळी एकच दाखवतो.

आता याच रेषेला त्याच आठवड्यात पुढे नेऊ. निकालांआधीचा एटीआर हिशेबासाठी २५० धरा. सोमवारच्या ८०८ च्या रेंजने तो ३०६ झाला. दिवसाचा मध्य २३,२०० च्या आसपास होता, त्यातून ९१८ वजा केले की हिरवी रेषा सुमारे २२,२८२ वर येते. मंगळवारी, ४ जूनला मतमोजणी सुरू झाली आणि निफ्टी २१,२८१ पर्यंत कोसळला. आदल्या दिवशीचा बंद भाव २३,२६४ होता, म्हणजे ट्रू रेंज १,९८३. एटीआर एका दिवसात ४७४ वर गेला. नव्या मापाने खालची पट्टी २०,८०८ वर यायला हवी होती. ती आली नाही, कारण तिला खाली येता येत नाही. ती २२,२८२ वरच थांबली, निफ्टी २१,८८४ वर बंद झाला आणि रंग लाल झाला.

आता तो सौदा बारकाईने पाहा. रेषा २२,२८२ वर होती, पण इंडिकेटरने बाहेर पडायला सांगितलं ते दिवस संपताना २१,८८४ वर. मधले चारशे अंक गेले, कारण सुपरट्रेंड फक्त बंद भाव बघतो. दिवसभरात भाव रेषेच्या कितीही खाली जाऊन आला तरी त्याला फरक पडत नाही. ज्याने रेषेच्या भावावर स्टॉप लॉसची ऑर्डर टाकून ठेवली होती, तो निकालाच्या दिवशी नक्कीच लवकर सुटला असता. पण एरवी कँडलची नुसती खालची वात रेषेला टेकून परत गेली, की हाच माणूस बाहेर फेकला जातो आणि चार्टवरची रेषा मात्र हिरवीच राहते. हे दोन वेगळे सौदे आहेत आणि त्यांचे निकालही वेगळे येतात. बॅकटेस्ट बंद भावावर करायची आणि प्रत्यक्षात स्टॉप लॉस ऑर्डर लावायची, ही सरमिसळ सर्रास चालते. मग ‘टेस्टमध्ये चालतं, हातात चालत नाही’ अशी तक्रार होते.

त्या आठवड्याचा दुसरा धडा जास्त महाग होता. लाल रेषा बंद भावाच्या हजाराहून जास्त अंक वर उभी राहिली. बुधवारी निफ्टी २२,६२० वर बंद झाला आणि शुक्रवारी, ७ जूनला २३,२९० वर. मंगळवारी संध्याकाळी विकणाऱ्याला परत हिरवा रंग दिसायचा तर लाल रेषा ओलांडली जाईपर्यंत थांबणं भाग होतं. म्हणजे विकलेल्या भावाच्या खूप वर जाऊनच परत खरेदी. एका दिवसाच्या धक्क्याचा परिणाम त्याच दिवशी संपत नाही, हेही इथे लक्षात घ्या. दहाच्या सेटिंगमध्ये त्या एका रेंजचं एटीआरमधलं ओझं रोज एक दशांशाने कमी होतं, आणि दहा सत्रांनंतरही त्यातलं साधारण एक तृतीयांश शिल्लक असतं.

निकालाचा दिवस हा टोकाचा प्रसंग झाला. रोजच्या बाजारात रेषा कशी वागते ते पाहायला आपण एक काल्पनिक शेअर घेऊ. भाव ५०० च्या आसपास, एटीआर १० रुपये आणि तो काही काळ बदलत नाही असं धरू. तिपटीचं सेटिंग म्हणजे रेषा ३० रुपयांवर. भाव ४८० च्या तळाला होता तेव्हा वरची रेषा ५१० वर होती. भाव वळला, ५१० च्या वर बंद झाला, आपण खरेदी केली. तेजी चालू राहिली आणि भाव ६८० पर्यंत गेला. रेषा ३० रुपयांचं अंतर ठेवून मागे आली. भाव ६८० वरून उतरला, ६५० च्या खाली बंद झाला आणि आपण बाहेर पडलो. दोनशे रुपयांच्या चालीतून १४० हातात आले. सुरुवातीचे ३० गेले, शेवटचेही ३० गेले. ट्रेंडमधली सुपरट्रेंडची किंमत ही एवढीच आहे, आणि मोठ्या चालीत ती खुपत नाही.

आता चाल छोटी करा. ४८० ते ६०० अशी १२० रुपयांची असेल तर ५१० ला घेऊन ५७० ला सुटका, म्हणजे ६० रुपये, निम्मी चाल. ४८० ते ५४० असेल तर ५१० ला घेतलं आणि ५१० लाच विकलं, ब्रोकरेज आणि कर तेवढे आपल्या खिशातून. आणि ४८० ते ५२० असेल तर ५१० ला घेतलं, ५२० पर्यंत गेलं आणि ४९० ला विकावं लागलं. २० रुपये तोटा. तिथून भाव ४८० ला जाऊन परत ५१० वर आला, तर विकून ठेवणाऱ्यालाही तेवढाच तोटा. या पट्ट्यात भाव जितक्या वेळा एका टोकाकडून दुसऱ्याकडे जाईल, तितक्या वेळा २० रुपये गेले. बाजारात याला व्हिपसॉ म्हणतात. कोणी ‘ऑपरेटरने स्टॉप खाल्ले’ असंही म्हणतं, पण इथे ऑपरेटरची गरजच नाही, नुसत्या वजाबाकीत तोटा येतो.

चाल आणखी लहान केली तर मात्र काहीतरी उलटंच घडतं. भाव ४९० ते ५१५ इतकाच फिरत असेल, तर ३० रुपयांवरची रेषा कुठेच लागत नाही. ती आडवी पडून राहते, सौदा उघडा राहतो आणि तोटा होत नाही. म्हणजे आडवा बाजार सरसकट वाईट नसतो. एटीआरच्या तिपटीपेक्षा लहान चाल सुपरट्रेंडला त्रास देत नाही आणि सहापटीपेक्षा मोठी चाल पैसे देते. या दोन्हींमधल्या चाली पैसे खातात. हिशेब ढोबळ आहे, कारण रेषा दिवसाच्या मध्यावरून मोजली जाते आणि ओलांडली जाते बंद भावाने, शिवाय एटीआर स्थिर राहत नाही. पण तुमच्या चार्टवर सलग चार-पाच खोटे सिग्नल आले असतील तिथे टोकापासून टोकापर्यंतच्या चाली एटीआरने भागून पाहा. उत्तर बहुधा तीन ते सहाच्या दरम्यानच येईल.

सेटिंग बदलल्याने काय होतं तेही यावरून कळतं. गुणक तीनचा चार केला तर तोट्याचा पट्टा चार ते आठपट होतो, दोन केला तर दोन ते चारपट. पट्टा नाहीसा होत नाही, फक्त जागा बदलतो. गेल्या वर्षीच्या आकड्यांवर सर्वांत चांगलं दिसणारं सेटिंग म्हणजे गेल्या वर्षीच्या चाली ज्याच्या पट्ट्यात सापडल्या नाहीत असं सेटिंग. यंदाच्या चालींनी तसंच वागायचं काही बंधन नाही.

एटीआर स्थिर नसतो हे वर म्हटलं, त्याचे दोन परिणाम फारसे कुणाच्या लक्षात येत नाहीत. आपला शेअर ५०० वरच रेंगाळतोय, आणि रोजची हालचाल हळूहळू मंदावत एटीआर १० वरून ६ वर आला असं समजा. भाव जागचा हललेला नाही, तरी खालची रेषा ४७० वरून ४८२ वर आली, कारण वजा करायची रक्कम ३० ऐवजी १८ झाली. चार्ट पाहणाऱ्याला वाटतं तेजी पक्की होतेय, रेषा चढतेय. प्रत्यक्षात स्टॉप गुपचूप भावाजवळ आला आहे. मग एखाद्या निकालाच्या किंवा बातमीच्या दिवशी शेअर पुन्हा जुन्या ताकदीने हलला, की त्याला ३० रुपयांची मोकळीक हवी असते आणि रेषा उभी असते १८ वर. ती मागे सरकू शकत नाही. शांत बाजाराच्या शेवटी सुपरट्रेंड एकदा चुकीच्या बाजूला फिरतो आणि खरी चाल त्यानंतर उलट दिशेने सुरू होते, हा अनुभव अनेकांना आहे. त्यामागे बऱ्याचदा हेच गणित असतं.

दुसरा परिणाम याच्या बरोबर उलटा. तेजीच्या शेवटच्या टप्प्यात कँडल मोठमोठ्या होत जातात. दिवसाचा मध्य ५०० वरून ५२० वर गेला आणि त्याच काळात एटीआर १० वरून १६ झाला, तर खालची पट्टी ४७० वरून ४७२ वर येते. भावाने २० रुपये कमावले, स्टॉप फक्त दोन रुपये वर आला. म्हणजे नफा सर्वांत वेगाने वाढत असतो तेव्हाच तो राखणारी रेषा सर्वांत मागे पडलेली असते. भाव वर धावतोय आणि हिरवी रेषा जवळपास आडवी झाली आहे असं दिसलं, तर ते तेजीच्या ताकदीचं लक्षण समजू नये. ते अस्थिरता वाढल्याचं लक्षण आहे. अशा वेळी नफ्यातला काही भाग हाताने काढून घेणं मला तरी शहाणपणाचं वाटतं. तो निर्णय रेषा आपल्यासाठी घेणार नाही.

पाच मिनिटांच्या चार्टवर हे दोन्ही प्रकार एकाच दिवसात पाहायला मिळतात. सव्वानऊच्या पहिल्या कँडलच्या ट्रू रेंजमध्ये रात्रभराची गॅप धरली जाते, त्यामुळे एटीआर फुगतो आणि रेषा भावापासून लांब जाते. अकरानंतर बाजार सुस्तावतो, एटीआर उतरतो आणि रेषा जवळ येत जाते. युरोपचे बाजार उघडायच्या सुमारास हालचाल वाढली की ही जवळ आलेली रेषा पटकन तुटते. कँडल पूर्ण व्हायच्या आत रंग दोन-तीनदा बदलतानाही दिसतो, कारण चालू कँडलचा उच्चांक, नीचांक आणि शेवटचा भाव प्रत्येक टिकला बदलत असतो. संध्याकाळी चार्ट पाहिला तर त्या लपंडावाची खूणही उरत नाही, म्हणून मागचा चार्ट नेहमी जास्त स्वच्छ दिसतो. दोन अ‍ॅपवर रेषा वेगळी दिसण्याचं कारणही किरकोळच असतं. एकाचं सेटिंग दहा-तीनचं असतं, दुसऱ्याचं सात-तीनचं, किंवा एक जण वाइल्डरची सरासरी घेतो आणि दुसरा साधी. ट्रेडिंगव्ह्यूवर स्वतः कोड लिहिणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. `ta.supertrend(3, 10)` मध्ये आधी गुणक येतो आणि मग कालावधी, आणि तेजीत दिशेचा आकडा उणे एक असतो. इथे उलटापालट झाली तर सगळी टेस्ट उलटी येते.

या सगळ्यानंतर सुपरट्रेंड कशासाठी वापरावा? खरेदी-विक्रीचा सिग्नल म्हणून त्याची किंमत मला बेताची वाटते. स्टॉप म्हणून मात्र तो चांगला आहे, कारण अंतर आपल्या मनावर न सोडता शेअरच्या स्वभावावरून ठरतं. ५१० ला खरेदी करताना खालची रेषा ४८० वर असेल तर धोका शेअरमागे ३० रुपये. एका सौद्यात ३,००० रुपयांहून जास्त घालवायचे नसतील तर १०० शेअर घ्यावेत. एटीआर दुप्पट झाला आणि अंतर ६० वर गेलं, तर ५० च घ्यावेत. अस्थिर दिवसांत रेषा लांब गेलेली असतानाही नेहमीइतकेच लॉट घेणारा माणूस नकळत दुप्पट पैज लावत असतो. दिशा ठरवायला दुसरं काही वापरा, आठवड्याचा चार्ट किंवा एडीएक्ससारखं माप. पण तेही भूतकाळावरूनच बोलतं, त्यामुळे तीन ते सहापटींच्या पट्ट्यातले काही सौदे ते टाळेल, सगळे नाही.

सेटिंग बदलण्याआधी एक काम करा. तुम्ही ज्या शेअरमध्ये आणि ज्या टाइमफ्रेमवर सौदे करता, त्याच्या मागच्या वीस चाली टोकापासून टोकापर्यंत मोजा आणि प्रत्येकीला त्या वेळच्या एटीआरने भागा. बहुतेक चाली तीन ते सहापटींच्या दरम्यान येत असतील तर तिथे तिपटीचा सुपरट्रेंड वापरू नका.